चौघांनी लिहिलेली वर्णनं, दुकानाचा एकच आवाज: एक प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मसाल्यांच्या व्यवसायाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, काही पदार्थ आणि माणसांचे तपशील मी बदलले आहेत. घडलं ते मात्र असंच घडलं.

ज्या बाईंनी हा व्यवसाय उभा केला त्यांना इथे काकू म्हणते. घरच्या जात्यावर आणि शेजारच्या डंकावर त्यांनी गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करायला सुरुवात केली. बरीच वर्षं विक्री तोंडी चालायची. ओळखीची माणसं फोन करत, काकू सांगत की अमुक मसाला चमचाभर घाल, तमुक फोडणीत घालू नकोस, आणि डबा एसटीने जायचा. पुढे मुलाने वेबसाइट काढली. पदार्थ वाढत गेले. कांदा-लसूण मसाला आला, कोकणातून आगळ आणि आमसुलं आली, वाळवणं आली. मी संपादक म्हणून त्यात आले तेव्हा वेबसाइटवर १२० च्या आसपास वर्णनं होती.

ती चार जणांनी लिहिली होती. सुरुवातीची पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. तिखट मसाल्यांची कोल्हापूरच्या एका तरुणाने, तो खाण्यावर छान लिहितो म्हणून. कोकणी मालाची सावंतवाडीकडच्या एका लेखिकेने. उरलेली मुंबईच्या एका एजन्सीने, आणि ती उघडपणे आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणलेली होती. चौघंही आपापल्या जागी वाईट लिहिणारे नव्हते, हे आधीच सांगते. या प्रकरणात नालायक लेखक कुणी नाही.

## अडचण कशी समोर आली

दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाईक बाईंनी काकूंना फोन केला. त्यांना भेट द्यायला एक खोका मागवायचा होता, त्यात चार पदार्थ होते आणि वेबसाइटवर चारही वर्णनं एकाखाली एक दिसत होती. त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्हीच करता ना? की बाहेरून आणून विकता?"

काकूंना ते फार लागलं. त्यांनी मुलाला सांगितलं, मुलाने मला बोलावलं. मी ती चार वर्णनं कागदावर काढली. त्यांतली वाक्यं अशी होती:

गोडा मसाला: "आपल्या स्वयंपाकघराचा अविभाज्य घटक असलेला हा अस्सल पारंपरिक मसाला, ज्यास काळा मसाला असेही म्हणतात, आमटी व भाजीत वापरावा."

कांदा-लसूण मसाला: "भावा, कट असा येणार की बघत राहशील. एकदा खाल्लास की दुसरा मसाला विसरशील."

आगळ: "आमच्या परसातल्या रतांब्यांचं हे आगळ. उन्हातून आलात की घोटभर घ्या, जीव गार होतो."

मेतकूट: "आरोग्य आणि चव यांचा परिपूर्ण संगम. प्रथिनांनी समृद्ध असे हे मेतकूट तुमच्या व्यग्र जीवनशैलीसाठी आदर्श आहे."

एकाच दुकानात चार माणसं बसली आहेत आणि प्रत्येक जण तिऱ्हाइतासारखा बोलतोय, असं ते वाचताना वाटतं. बाईंचा संशय अगदी रास्त होता. "आमच्या परसातल्या" हे तर सरळ खोटं होतं, कारण काकूंचं परसू सह्याद्रीच्या अलीकडे होतं आणि रतांबे पलीकडून येत होते. लेखिकेने ते स्वतःच्या परसावरून लिहिलं होतं.

दुसरी तक्रार आधीच येऊन पडली होती, पण तिचा या विषयाशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सोलापूरच्या एका गिऱ्हाइकाने गोडा मसाला परत पाठवला होता. कारण लिहिलं होतं, "काळा मसाला म्हणून घेतला, अजिबात तिखट नाही." पुण्यातल्या कित्येक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. सोलापूर-मराठवाड्याकडे काळा मसाला म्हणजे कांदा-खोबरं काळपट होईतो भाजून केलेला झणझणीत मसाला. शिक्षिका बाईंनी त्यांच्या घरचा शब्द लिहिला आणि तो अडीचशे किलोमीटरवर दुसऱ्याच पदार्थाचं नाव निघाला.

## नेमकं काय वेगळं होतं

पहिली बैठक झाली तेव्हा मुलाचं म्हणणं होतं की आपला आवाज "आपुलकीचा, मातीतला आणि विश्वासाचा" हवा, आणि तसं सगळ्यांना कळवून टाकू. मी त्याला थांबवलं. ही तीन विशेषणं चौघांनाही मान्य झाली असती आणि चौघांनी जे लिहीत होते तेच पुढे लिहिलं असतं. कोल्हापूरच्या तरुणाला "भावा" हीच आपुलकी वाटते, शिक्षिका बाईंना "आपल्या स्वयंपाकघराचा" ही.

म्हणून ४० वर्णनं छापून घेतली आणि रंगीत पेनांनी खुणा केल्या. एका रंगाने वाचणाऱ्याला कसं हाक मारलंय ते, दुसऱ्याने क्रियापदाचं रूप, तिसऱ्याने पदार्थातली खरी माहिती, चौथ्याने नुसती सजावट. दोन संध्याकाळी लागल्या, पण या कामातला सगळ्यात उपयोगी भाग तोच ठरला.

हाक चार प्रकारची होती: तू, तुम्ही, आपण, आणि कुणालाच नाही, म्हणजे "वापरावा", "घ्यावे". मराठीत "आपण" विशेष गोंधळाचा शब्द आहे. "आपण हा मसाला उन्हात वाळवतो" यात आपण म्हणजे कंपनी, आणि दोन ओळींनी "आपण हा मसाला कोरड्या डब्यात ठेवा" यात आपण म्हणजे गिऱ्हाईक. एकाच वर्णनात दोन्ही सापडले.

क्रियापदांत "भाजले, दळले" आणि "भाजलं, दळलं" यांची सरमिसळ होती. वाचणाऱ्याला ती बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण एक वाक्य पुस्तकातलं आणि पुढचं ओट्याजवळचं, असं त्याच्या कानाला जाणवतं.

खरा धक्का तिसऱ्या आणि चौथ्या रंगाने दिला. जिथे माहिती भरपूर होती तिथे चौघांची भाषा एकमेकांच्या जवळ होती. जिथे माहिती नव्हती तिथेच प्रत्येकाचं स्वतःचं वळण उफाळून आलं होतं. एजन्सीने लिहिलेल्या कुरडयांच्या वर्णनात गहू किती दिवस भिजवतात आणि चीक कसा काढतात हे आलं होतं, आणि ते चक्क काकूंसारखं वाचत होतं. त्याच एजन्सीला मेतकुटाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, तर "परिपूर्ण संगम" आला. मी एजन्सीला विचारलं, तुम्हाला काय पाठवलं होतं? पदार्थाचं नाव, वजन, किंमत आणि एक फोटो, एवढंच. बाकी तिघांनाही तेवढंच मिळत होतं.

म्हणजे आवाज फुटण्याचं मोठं कारण लेखकांचा स्वभाव नव्हता. रिकामी जागा होती, आणि ती प्रत्येक जण आपल्या घरच्या सामानाने भरत होता.

## कोणते पर्याय होते

एकाच माणसाने सगळं लिहायचं, हा पहिला पर्याय. मुलाला तो आवडला, कारण सोपा वाटत होता. पण सणाच्या आधी महिन्याला दहा-पंधरा नवे पदार्थ यायचे, आणि तो एक माणूस आजारी पडला की काम ठप्प. शिवाय कोकणातल्या लेखिकेला आगळाबद्दल जे माहीत होतं ते मला पुस्तकं वाचून आलं नसतं.

ठरलेला साचा करायचा, हा दुसरा: पहिलं वाक्य घटकांचं, दुसरं चवीचं, तिसरं वापराचं, लेखकाने फक्त जागा भरायच्या. मोठ्या दुकानांत हे चालतं, जिथे हजारो वस्तू असतात आणि माणूस दोन तुलना करून निघून जातो. इथे १२० पदार्थ होते आणि लोक एका बैठकीत दहा-बारा वर्णनं वाचायचे. साच्यातली दहा वाचली की अकरावं कुणी वाचत नाही.

तिसरा पर्याय कोल्हापूरच्या तरुणाने मांडला आणि तो मला अजूनही विचार करण्याजोगा वाटतो. तो म्हणाला, प्रत्येकाचा आवाज राहू द्या, खाली लिहिणाऱ्याचं गाव लिहा. कोल्हापूरचा मसाला कोल्हापूरकराने सांगितला तर बिघडलं काय? बिघडलं इतकंच, की हे दुकान निरनिराळ्या गावच्या माल विकणाऱ्यांचं नव्हतं. सगळं काकूंच्या नजरेखाली होत होतं, आणि लोक पैसे त्या नजरेसाठी देत होते. तो बाजार असता तर त्याचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

चौथा पर्याय जाडजूड शैलीपुस्तिकेचा. मी तो निवडला, आणि ती चूक होती. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

## काय केलं

### आधी माहिती, मग वाक्य

प्रत्येक पदार्थासाठी एक पानाचं माहितीपत्रक ठरवलं. ते भरल्याशिवाय लेखकाकडे काम जाणार नाही, हा नियम मुलाने पाळला आणि त्यासाठी दोन वेळा माल वेबसाइटवर उशिरा चढला तरी तो मागे हटला नाही. पत्रकात सात प्रश्न होते. यात काय काय पडतं, जास्त पडणारं आधी? काय भाजलं, काय तसंच घेतलं? चार माणसांच्या पदार्थाला किती चमचे, आणि कधी घालायचं? तिखटपणा घरातल्या कुठल्या दुसऱ्या पदार्थाइतका? डबा उघडल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं? कसं ठेवायचं, किती टिकतं? आणि शेवटचा, घेणाऱ्याची कोणती अपेक्षा इथे पुरी होणार नाही?

हा शेवटचा प्रश्न आधी काकूंना पटला नाही. आपल्याच मालाचं उणं का सांगायचं? मी त्यांना सोलापूरचा डबा आठवून दिला. मग त्या म्हणाल्या, "लिही, हा तिखट नाही. ज्याला तिखट हवं त्याने कांदा-लसूण घ्यावा." ते वाक्य जवळजवळ तसंच छापलं.

काकू लिहून देत नसत. म्हणून मी फोनवर प्रश्न विचारले आणि त्यांच्या परवानगीने बोलणं ध्वनिमुद्रित केलं. एकेका पदार्थाला सात-आठ मिनिटं लागत. त्या मुद्रणांत जो आवाज आम्ही शोधत होतो तो तयार होता. काकू कधी "अस्सल" म्हणत नाहीत. त्या आधी काय करायचं ते सांगतात, लगेच काय करायचं नाही ते सांगतात, आणि कारण देतात: "फोडणीत घालू नकोस, करपतो, मग कडू लागतो." वाक्यं छोटी. कौतुक जवळजवळ नाही. चव सांगायची तर दुसऱ्या खाण्याशी तुलना करून.

### बोलणारा एक, नावं स्थानिक

यानंतर ठरवायचं ते थोडंच उरलं. वाचणारा "तुम्ही". कंपनी "आम्ही", आणि तेही फक्त जिथे कंपनीने खरंच काही केलंय तिथे. "आपण" कुठेच नाही. सांगताना "घाला, परता, ठेवा", "घालावे, परतावे" नाही. वर्णनात "भाजलं, दळलं", डब्यावरच्या छापील मजकुरात "भाजले, दळले". ही तडजोड होती, कारण डबे आधीच छापलेले होते.

कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या लेखकांशी खरा वाद शब्दांवर झाला. माझ्या पहिल्या संपादनात मी "कट", "परता", "रतांबे", "घोटभर" यांतलं बरंच सपाट करून टाकलं होतं. तरुणाने मला लिहिलं की आता हा मसाला कुठलाही आहे. त्याचं बरोबर होतं. कट हा शब्द काढला तर रश्शावर तरंगणाऱ्या त्या लाल तेलाला दुसरं नावच नाही, "तर्री" म्हटलं की माणूस नागपूरकडे जातो. तेव्हा एक रेघ ओढली: वस्तूंची, भांड्यांची, कृतींची नावं जिथली पदार्थाची रीत तिथलीच राहतील, पण वाचणाऱ्याशी बोलणारा माणूस एकच असेल. म्हणून "कट" राहिला, "भावा" गेला. "रतांबे" राहिले, "आमच्या परसातल्या" गेलं.

ज्या शब्दांचे अर्थ गावोगाव बदलतात त्यांची वेगळी यादी केली. काळा मसाला, तिखट, चटणी, आमसूल, सोलं असे तीसेक शब्द त्यात आले. कोल्हापूरकडे "चटणी" म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, पुण्यात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची. प्रत्येक शब्दापुढे लिहिलं की आम्ही तो कोणत्या अर्थाने वापरतो, आणि दुसरा अर्थ संभवत असेल तर वर्णनात त्याच वाक्यात तो कसा मिटवायचा.

काही शब्द मात्र आवडीनिवडीचा प्रश्न नव्हते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे विनियम आहेत. शुद्ध, ताजं, अस्सल, पारंपरिक अशा अर्थाचे शब्द कधी वापरता येतात याला त्यांत अटी आहेत, आणि आजार बरा होण्याचे दावे करता येत नाहीत. सुंठीच्या एका मिश्रणाच्या वर्णनात "सर्दी-खोकल्यावर रामबाण" असं होतं. ते त्याच दिवशी काढलं. "अस्सल" आणि "पारंपरिक" सरसकट काढल्यावर एक फायदा झाला जो मला अपेक्षित नव्हता: ते शब्द गेल्यावर वाक्यात काहीतरी सांगावंच लागतं.

### पुन्हा लिहिलेली चार वर्णनं

खोक्यातल्या त्याच चार पदार्थांची वर्णनं चौघांनी पुन्हा लिहिली. माझं संपादन त्यांत एखाद्या शब्दापुरतं आहे.

गोडा मसाला: "धणे, सुकं खोबरं आणि तीळ यांचा हा मसाला तिखट नाही, मिरची यात रंगापुरती आहे. आमटीला उकळी फुटली की चार जणांना एक चमचा घाला, सोबत गूळ आणि दोन आमसुलं. फोडणीत घालू नका, करपून कडू लागतो. काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात, पण तुम्हाला तिखट काळा मसाला हवा असेल तर तो हा नाही."

कांदा-लसूण मसाला: "रश्शाला कट हवा असेल तर हा मसाला तेलात मंद आचेवर परता, आणि मगच पाणी घाला. चार जणांच्या रश्शाला दोन चमचे. तिखट बेताचं खात असाल तर एकाने सुरुवात करा. ओला चमचा डब्यात घालू नका, गुठळ्या होतात."

आगळ: "पिकलेल्या रतांब्यांचा रस मिठात मुरवलेला. मीठ आधीच आहे, म्हणून सोलकढीत वेगळं मीठ चव बघूनच घाला. नारळाच्या दोन वाट्या दुधाला दोन चमचे पुरतात, आंबट आवडत असेल तर तीन."

मेतकूट: "डाळी, तांदूळ आणि गहू वेगवेगळे कोरडे भाजून, मेथ्या, जिरं, सुंठ आणि हिंग घालून दळलेलं. गुरगुट्या भातावर एक चमचा, वर साजूक तूप. मेथीची किंचित कडवट चव मागे राहते, ती असायलाच हवी."

ही वाचल्यावर एकच माणूस बोलतोय असं वाटतं, आणि तरी तिसरं कोकणातलं आहे हेही कळतं. मला दोन्ही हवं होतं.

### तपासायची रीत

दर पंधरा दिवसांनी नवी वर्णनं एकत्र गोळा करून एका बैठकीत मोठ्याने वाचायची, असं ठरवलं. एकेक येईल तसं संपादित केलं तर प्रत्येक चांगलंच वाटतं. सलग सात वाचली की कोणतं कानाला खटकतं ते कळतं. वाचणाऱ्याला लेखकाचं नाव माहीत नसायचं. ऐकणाऱ्या तिघांनी ओळखायचं की हे कुणाचं. ओळखू आलं तर का ओळखू आलं ते सांगायचं, आणि तेवढीच जागा बदलायची.

दुसरी कसोटी साधी होती. वर्णनातलं एखादं वाक्य उचलून दुसऱ्या मसाल्याखाली ठेवायचं. तिथेही ते चाललं तर ते पहिल्या ठिकाणीही काम करत नव्हतं.

## कुठे चुकलं

शैलीपुस्तिका मी सगळ्यांत आधी लिहायला घेतली होती. २२ पानं झाली. अनुस्वार, जोडाक्षरं, "पारंपारिक" नव्हे "पारंपरिक", अंक मराठी, चमचा म्हणजे चहाचा की पोह्यांचा, सगळं होतं. लेखकांनी ती वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि पुढची वर्णनं पूर्वीसारखीच आली. नियम वाचून शुद्धलेखन सुधारलं, आवाज नाही. शेवटी तिची दोन पानं आणि शब्दयादी उरली.

मग मी उलट टोकाला गेले. नियमांऐवजी एक नमुना पाठवला, मेतकुटाचाच, त्यावेळचा कच्चा खर्डा. तो "डबा उघडला की" असा सुरू होत होता. पुढच्या खेपेची निम्मी वर्णनं "डबा उघडला की" अशीच सुरू झाली, पापडांचंसुद्धा, जे डब्यात येतच नाहीत. लोक नमुन्यातला सूर उचलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पहिलं वाक्य उचललं, आणि एकच नमुना हाती असला की माणूस दुसरं काय करणार? त्यानंतर पाच नमुने दिले, पाचही वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होणारे: एक मापापासून, एक इशाऱ्यापासून, एक भाजण्यापासून. शिवाय प्रत्येकासोबत त्याचं आधीचं वर्णन जोडलं. काय बदललं हे शेजारी शेजारी दिसलं की समजावून सांगायला लागत नाही.

तिसरी चूक घाईची. "भाजले"चं "भाजलं" करायचं म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने शोधा-आणि-बदला वापरलं. "भाजलेले दाणे" होते ते "भाजलेलं दाणे" झाले, "मिरे कुटले" चं "मिरे कुटलं" झालं. मराठीत "ले" हे नपुंसकलिंगी एकवचनही असतं आणि पुल्लिंगी अनेकवचनही, यंत्राला तो फरक दिसत नाही. सगळी पानं हाताने दुरुस्त करावी लागली. आता असा कोणताही बदल आधी पाच पानांवर करून वाचून बघतो.

आणि मी स्वतः फार काळ एकटी संपादक राहिले. ऑक्टोबरात वीस वर्णनं माझ्याकडे पडून होती. घाईत मी ती दुरुस्त न करता पुन्हाच लिहून टाकली. काम झालं, पण लेखक त्यातून काही शिकले नाहीत आणि शिक्षिका बाई दुखावल्या. त्यांनी नंतर मला शांतपणे सांगितलं, "माझं नाव ठेवू नका खाली, पण माझं एक वाक्य तरी ठेवत जा."

## निकाल

साधारण चार महिन्यांत सगळी वर्णनं नवी झाली. विक्रीवर काय परिणाम झाला हे वेगळं काढता आलं नाही, कारण मधे दिवाळी होती आणि फोटोही बदलले. ज्या गोष्टी दिसल्या त्याच सांगते. बैठकीत ओळखण्याचा खेळ शेवटी शेवटी फसायला लागला, कोकणातल्या लेखिकेची वाक्यं तेवढी अजून ओळखू येतात आणि ती तशीच ठेवावीत असं आता सगळ्यांचं मत आहे. काळ्या मसाल्याची तक्रार पुन्हा आली नाही. "किती चमचे घालू" असं विचारणारे फोन कमी झाले, हे काकूंनी आपणहून सांगितलं, थोड्या हुरहुरीने, कारण त्या फोनवर त्यांच्या बऱ्याच ओळखी झाल्या होत्या.

सगळ्यांत स्पष्ट फरक नव्या माणसाच्या वेळी दिसला. वाळवणांसाठी पाचवी लेखिका आली. तिला भरलेली माहितीपत्रकं, पाच नमुन्यांच्या जोड्या, शब्दयादी आणि काकूंची तीन मुद्रणं दिली. पत्रक नीट भरलं होतं त्या सांडगी मिरचीचं तिचं पहिलंच वर्णन जवळजवळ जसंच्या तसं छापता आलं. पोह्याच्या पापडांचं पत्रक अर्धवट होतं, आणि त्या वर्णनात "कुरकुरीत आठवणींचा ठेवा" आला. तिला दोष देण्याआधी मी पत्रक पुन्हा भरून घेतलं.

## आता वेगळं काय केलं असतं

पुस्तिका लिहिण्याआधी मुद्रणं केली असती. ज्या व्यवसायात गिऱ्हाइकाशी वर्षानुवर्षं बोललेला एखादा माणूस असतो तिथे आवाज ठरवायचा नसतो, ऐकायचा असतो. असा माणूस नसेल तिथे ही रीत चालणार नाही, तिथे मला दुसरं काही शोधावं लागलं असतं.

डब्यांवरचा मजकूर पहिल्यापासून कामात घेतला असता. आजही वेबसाइट "घाला" म्हणते आणि डबा "घालावे" म्हणतो. छपाईची पुढची खेप निघेपर्यंत ते तसंच राहील. इंग्रजी वर्णनांना तर आम्ही हातच लावला नाही, आणि परदेशातली मराठी मंडळी बऱ्याचदा तीच वाचतात.

संपादन दुसऱ्या महिन्यापासूनच दोघांत वाटलं असतं. आता काकूंची सून अर्धी वर्णनं बघते. ती स्वयंपाक काकूंकडूनच शिकली आहे, त्यामुळे पत्रकात काय सुटलंय ते तिला माझ्याआधी कळतं.

सध्या एक प्रश्न आमच्यापुढे आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाची नाचणीची पिठं आणि पापड घ्यायचं ठरतंय. हे पदार्थ काकू करत नाहीत, त्यांच्या नजरेखालीही होत नाहीत. म्हणजे कोल्हापूरच्या तरुणाचं जुनं म्हणणं इथे लागू पडतं. सुनेचं मत असं की माहितीपत्रक गटातल्या बायकांनीच तोंडी भरावं, त्यांचंही मुद्रण करावं, आणि वर्णनात "आम्ही" हा शब्द अजिबात न वापरता "गटातल्या बायका नाचणी दोन दिवस मोड आणून वाळवतात" असं त्यांच्या नावाने लिहावं. पहिलं मुद्रण पुढच्या आठवड्यात आहे. प्रश्न तेच सात, फक्त सुरुवातीला आठवा जोडला आहे: हे कुणी केलं?